गॅदरिंगचं निमंत्रण: पाच चित्रं, पाच उत्तरं

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची निमंत्रणं निघतात. पूर्वी छापील पत्रिका यायची. तिच्यात अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि ‘सायंकाळी ठीक 5 वाजता’ एवढं असलं की काम भागायचं. आता पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकामागून एक सरकवायची चार-पाच चित्रं येतात. पण पुष्कळदा जुनीच पत्रिका पाच तुकड्यांत कापलेली असते, आणि मग गटावर प्रश्नांची रांग लागते: मुलाला किती वाजता सोडायचं? तिचा नाच कितव्या नंबरला? आजी-आजोबांना आणू का? सुटणार कधी?

हेच प्रश्न चित्रांचे विषय करावेत, एका चित्रात एकच. पहिल्यात दिवस, स्थळ आणि कोणत्या फाटकातून यायचं ते. दुसऱ्यात मुलांना सोडण्याची वेळ. तिसऱ्यात कार्यक्रमाचा क्रम, चौथ्यात बसण्याची व्यवस्था आणि पाचव्यात मुलांना परत कुठून घ्यायचं ते.

यातलं अवघड चित्र तिसरं, कारण वेळ अंदाजाने लिहिली की कोलमडते. ती कशी काढायची ते पाहू. समजा, चार-चार मिनिटांचे बारा नाच आहेत आणि पंधरा मिनिटांचं एक नाटुकलं. नाच झाले 48 मिनिटांचे. पण एक गट उतरून दुसरा चढेपर्यंत दोन मिनिटं जातात, ती कुणी धरत नाही. बारा वेळा गट बदलला की 24 मिनिटं तिथेच गेली. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल आणि पाहुण्यांचं मनोगत यांना अर्धा तास, बक्षिसांना वीस मिनिटं. बेरीज 137 मिनिटं, म्हणजे 5 वाजता सुरू झालेला कार्यक्रम 7.17 ला संपेल. निमंत्रणात ‘साधारण 7.30’ लिहावं.

चित्रात प्रत्येक नाचाची मिनिटं देऊ नयेत. एक गाणं अडकलं की पुढच्या सगळ्या वेळा खोट्या ठरतात. त्यापेक्षा टप्पे द्यावेत: 5.30 ते 6.00 बालवाडी ते दुसरीचे पाच नाच, 6.00 ते 6.20 बक्षिसं, 6.20 पासून तिसरी ते पाचवीचे सात नाच आणि 7.00 च्या सुमारास नाटुकलं. कामावरून धावत येणाऱ्या आईला एवढं कळलं की पुरतं. लहानांचे नाच आधी ठेवण्याचं कारण उघड आहे: बालवाडीतलं मूल मेकअप करून दोन तास थांबलं तर रडतं किंवा झोपतं. म्हणून सोडण्याची वेळही वेगळी हवी, लहानांना 4.15, मोठ्यांना 5.00.

बसण्याचाही हिशेब असाच मांडावा. सभागृहात 500 खुर्च्या आहेत आणि मुलं 220 घरांतली आहेत. घरटी दोन पास दिले की 440 खुर्च्या गेल्या. पहिल्या रांगेतल्या 20 पाहुण्यांच्या. उरल्या 40, त्या वाटेलगतच्या ठेवाव्यात, ज्यांना जिना चढवत नाही अशा आजी-आजोबांसाठी, नाव आधी कळवण्याच्या अटीवर. ‘कृपया सहकार्य करावे’ या वाक्याने जागा मिळत नाही. ‘घरटी दोन पास, चित्रीकरण फक्त मागच्या भिंतीजवळून’ असं लिहिलं की पुढच्यांचे उभे हात मागच्यांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

आता चित्राचं अंग. 1080 बाय 1350 पिक्सेलचं उभं चित्र फोनवर नीट भरतं. त्यावरचं अक्षर 40 पिक्सेलपेक्षा लहान नसावं, कारण पाठवताना चित्र दाबलं जातं आणि रफार, अनुस्वार आधी पुसट होतात. दोन ओळींत अंतर मोकळं ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये चिकटवला की त्याची निरर्थक अक्षरं होतात.

चित्रं सुटी सुटी पुढे जातात, हेही ध्यानात ठेवावं. मामाकडे फक्त चौथं चित्र पोचतं. म्हणून प्रत्येकावर शाळेचं नाव, तारीख आणि ‘5 पैकी 4’ असा क्रमांक हवा. तारीख बदलली, तर नव्या चित्रांवर ठळक ‘सुधारित’ लिहावं. जुनं चित्र कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये राहिलेलंच असतं. चित्रातला पत्ता दाबून नकाशा उघडत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना चित्र ऐकताही येत नाही. म्हणून सगळा तपशील खाली साध्या मजकुरातही द्यावा.

गटावर टाकण्याआधी ही पाच चित्रं शाळेच्या शिपाईमावशींना त्यांच्याच फोनवर दाखवा आणि विचारा, ‘मूल कधी सोडायचं, बसायचं कुठे?’ त्यांनी चित्र मोठं न करता उत्तर दिलं, तरच निमंत्रण पाठवा.