हजारोंमधली नेमकी कमेंट

पुरणपोळीच्या यूट्यूब व्हिडिओखाली हजारो कमेंट आहेत. पुरण सैल झालं तर काय करावं, हे त्यातल्या एकीत नेमकं सांगितलंय. ती बहिणीला पाठवायची, तर ‘खाली शोध’ म्हणून भागत नाही, कारण कमेंटचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसू शकतो.

प्रत्येक कमेंटला स्वतःचा कायमचा पत्ता असतो. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कमेंट करणाऱ्याच्या नावाशेजारी ‘२ दिवसांपूर्वी’ अशी वेळ दिसते. तिच्यावर क्लिक करा. पान नव्याने उघडतं, ती कमेंट सर्वांत वर येते आणि वरच्या पट्टीतला पत्ता असा होतो:

```
youtube.com/watch?v=VIDEO_ID&lc=COMMENT_ID
```

`v=` नंतर व्हिडिओची ओळख असते, `lc=` नंतर कमेंटची. हाच पूर्ण पत्ता कॉपी करून पाठवा. व्हिडिओखालच्या शेअर बटणातून घेतलेल्या लिंकमध्ये `lc=` नसतं, त्यामुळे समोरच्याला फक्त व्हिडिओ मिळतो.

पाठवण्याआधी लिंक खासगी विंडोत उघडून पाहा. तिथे कमेंट वर दिसली नाही, तर ती इतरांनाही दिसणार नाही, असं समजा. लिहिणाऱ्याने कमेंट पुसली किंवा चॅनेलने कमेंट बंद केल्या, तर लिंकवर व्हिडिओ उघडतो, मजकूर मात्र मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कमेंटचा स्क्रीनशॉटही लिंकसोबत ठेवा.