चिपसेट देतो काय, अडवतो काय?

मध्यम किमतीचा प्रोसेसर ठरवायला फार वेळ लागत नाही. खरं डोकं चालवावं लागतं ते बोर्ड निवडताना. एएमडीचा रायझन ५ मालिकेतला ७६०० घेऊ. ६ कोर, ६५ वॅट, आणि घरच्या बहुतेक कामांना पुरून उरणारा. त्याच्या एएम५ सॉकेटचे बोर्ड ए६२०, बी६५०, एक्स६७० अशा नावांनी मिळतात आणि त्यांच्या किमतीत मोठी तफावत असते. दुकानदार ‘पुढचा विचार करा’ म्हणत वरचा बोर्ड दाखवतो. पण तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड लावलं, तर तिन्ही बोर्डांवर गेम जवळपास सारख्याच वेगानं चालतो. मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

आधी हे पाहू, की कुठलं काम कोण करतं. रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि पहिली एनव्हीएमई एसएसडी थेट प्रोसेसरला जोडलेली असतात; त्यांच्या वाटेत चिपसेट येतच नाही. ७६०० मधून पीसीआय एक्सप्रेसच्या २८ लेन निघतात. १६ ग्राफिक्ससाठी, ४ पहिल्या एसएसडीसाठी आणि ४ बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर, म्हणजे बहुधा दुसऱ्या एसएसडीसाठी. उरलेल्या ४ लेन चिपसेटकडे जातात. जादा यूएसबी, साटा पोर्ट, नेटवर्क, वायफाय आणि तिसरी एसएसडी या सगळ्यांची ये-जा त्या चार लेनवरूनच होते. चिपसेट म्हणजे अनेक इमारतींची पण एकाच फाटकाची सोसायटी. या फाटकातून एका दिशेनं सेकंदाला साधारण ८ गीगाबाइट माहिती जाऊ शकते.

बी६५० मध्ये एएमडीची एक चिप असते. एक्स६७० मध्ये तीच चिप दोनदा वापरलेली असते, आणि दुसरी पहिलीच्या मागे जोडलेली असते. त्यामुळे पोर्ट वाढतात, पण प्रोसेसरकडे जाणारी वाट तेवढीच राहते. चार-पाच एसएसडी आणि यूएसबीवर डझनभर उपकरणं लावणाऱ्याला तिचा उपयोग आहे. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी वापरणाऱ्याला ते पोर्ट रिकामेच दिसतील.

ए६२० ची गोष्ट वेगळी. त्याच्या चिपसेटमधून निघणाऱ्या लेन पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या असतात, तर बी६५० मधल्या मुख्य लेन चौथ्या पिढीच्या. तिसऱ्या पिढीत प्रत्येक लेनचा वेग निम्मा. दुसरं म्हणजे ए६२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद असतं. त्यासोबत कर्व्ह ऑप्टिमायझरही जातो, आणि ही जास्त चुटपुट लावणारी गोष्ट आहे. व्होल्टेज थोडं उतरवून प्रोसेसर थंड ठेवण्याची ती सोय आहे, आणि उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत तिची किंमत कळते. रॅमवर मात्र बंदी नाही. डीडीआर५-६००० ची रॅम बायोसमध्ये EXPO सुरू करून ए६२० वरही पूर्ण वेगानं चालवता येते.

नावांचा एक सापळा इथे लक्षात ठेवावा. २०२५ मध्ये आलेले बी८४० आणि बी८५० एकाच कुटुंबातले वाटतात. पण बी८४० गुणांनी ए६२० च्या जवळचा आहे: प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही, चिपसेटच्या लेन तिसऱ्या पिढीच्या. बी६५० चा खरा वारसदार बी८५०. खोक्यावरच्या एका आकड्यानं फसायला वेळ लागत नाही.

आता अपग्रेडकडे वळू. पुढचा प्रोसेसर बसेल की नाही हे मुख्यतः सॉकेट आणि बायोस ठरवतात. २०२४ मध्ये आलेले रायझन ९००० मालिकेचे प्रोसेसर ए६२० पासून एक्स६७० पर्यंतच्या जुन्या एएम५ बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर चालतात. मात्र ‘चालतो’ आणि ‘पूर्ण ताकदीनं चालतो’ यांत अंतर आहे. ते अंतर व्हीआरएमवर, म्हणजे सॉकेटभोवतीच्या वीज पुरवणाऱ्या भागांवर ठरतं. ७६०० पूर्ण ताकदीनं चालताना ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. १२० वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर १६२ वॅटपर्यंत मजल मारू शकतो. स्वस्त बोर्डांवर या भागांवर अनेकदा धातूचं थंडावा देणारं आवरणही नसतं. मग दोन मिनिटांच्या चाचणीत सारं ठीक दिसतं, पण व्हिडिओ रेंडर होताना अर्ध्या तासानं प्रोसेसरचा वेग खाली येतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं तापमान बेताचं आणि व्हीआरएमचं मात्र शंभरीच्या पुढे दिसलं, की दोष कुठे आहे ते समजावं. अर्थात बी६५० च्या नावाखालीही अशक्त व्हीआरएमचे बोर्ड विकले जातात, म्हणून नावासोबत बोर्डाचा फोटोही पाहावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, लग्नाचे व्हिडिओ संपादित करणारी एखादी तरुणी ७६००, ३२ जीबी रॅम आणि १ टीबीची एसएसडी घेते आहे. पुढच्या वर्षी तिला दुसरी एसएसडी लागणार आणि तीन वर्षांनी ८ कोरचा १२० वॅटचा प्रोसेसर. तिनं दोन्ही बोर्डांची माहितीपुस्तिका उघडून स्टोरेजचं पान वाचावं. तिथे प्रत्येक एम.२ खाचेपुढे ती CPU ला जोडलेली आहे की Chipset ला, हे लिहिलेलं असतं. समोरच्या ए६२० बोर्डावर एकच खाच असेल, तर दुसरी एसएसडी घेताना पहिली काढावी लागेल. बी६५० वर दोन खाचा सहज मिळतात. त्याच पानाच्या तळाशी बारीक टिपा असतात: अमुक खाच वापरली तर साटाचे अमुक पोर्ट बंद. जुन्या दोन हार्डडिस्क लावायच्या असतील, तर या टिपा आधीच वाचलेल्या बऱ्या.

रॅमच्या चार खाचांचं आकर्षण तिनं बेतानंच ठेवावं. एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की एएमडीनं हमी दिलेला वेग ५२०० वरून ३६०० वर उतरतो. तिला ६४ जीबी लागणार असेल, तर आताच ३२ च्या दोन पट्ट्या घेणं शहाणपणाचं; मग खाचा दोन आहेत की चार, हा प्रश्नच उरत नाही.

शेवटी तिनं उत्पादकाच्या साइटवरच्या CPU Support यादीत पुढचा प्रोसेसर शोधावा आणि त्याच्यापुढे बायोसची कुठली आवृत्ती लिहिली आहे ते पाहावं. जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अद्ययावत करायचा असतो. तो काढल्यावर लक्षात आलं, तर नवा बसवूनही पडदा काळाच राहील. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर पेन ड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही काम होतं. बी६५० बोर्डांवर ते बऱ्याचदा असतं, पण प्रत्येक बोर्डावर असेलच असं नाही.

तिच्यासाठी हिशेब बी६५० च्या बाजूनं झुकतो, आणि तोही व्हीआरएमवर आवरण असलेल्या साध्या बोर्डाकडे. एक्स६७० चे जादा पैसे तिनं मोठ्या एसएसडीत घालावेत. पण ज्याला एकच एसएसडी पुरते आणि जो पुढची काही वर्षं प्रोसेसर बदलणार नाही, त्याला ए६२० पुरेसा आहे. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले, तर गेममध्ये फरक लगेच दिसेल.