मान दुखते, म्हणून सुरुवात कंबरेपासून

मला मिळाली ती चार वाजता चहा यायच्या आधीची बारा मिनिटं. पुण्यातल्या एका कार्यालयाचा लेखा विभाग, तीसेक माणसं, ओळीने पाच मंगळवार. चटया अंथरायला जागा नाही, कपडे बदलायला वेळ नाही, निम्म्या बायका साडीत. जे करायचं ते खुर्चीतच. काय घेणार, असं आधी लिहून मागितलं होतं. मी पाच ओळी दिल्या: बैठक, खुबे, पाठीचा पीळ, मान, मनगटं. ‘मान चौथ्या आठवड्यात? सगळ्यांची तर मानच दुखते!’ अशी लगेच हरकत आली.

दुखते खरी. पहिल्या दिवशी ‘कुठं त्रास होतो?’ म्हणून विचारलं तर जवळजवळ सगळ्यांचे हात मानेमागे गेले. मी त्यांना एक गोष्ट करायला सांगितली, ती वाचता वाचता तुम्हीही करू शकता. नेहमीसारखे पोक काढून, खुर्चीत घसरून बसा आणि मान उजवीकडे वळवून मागचं किती दिसतं ते बघा. आता पुढे सरकून खुर्चीच्या कडेजवळ बसा, पावलं जमिनीवर सपाट ठेवा, बुडाखालच्या दोन टोकदार हाडांवर वजन घ्या आणि पुन्हा वळा. बहुतेकांना आधीपेक्षा जास्त दिसतं. मानेला काहीच केलेलं नसतं, बदलते ती फक्त बैठक.

ओटीपोटाचा सांगाडा मागे कलंडला की कंबर गोल होते, कंबरेमागोमाग पाठ, आणि मग पडदा दिसावा म्हणून डोकं हनुवटीसकट पुढे येतं. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. ते खांद्यांच्या पुढे लोंबत असेल तर मानेमागचे स्नायू दिवसभर लगाम ओढून धरल्यासारखे राबत असतात. अशा ताणलेल्या स्नायूंना आणखी ताण देऊन चार घटका बरं वाटतं, पण माणूस पुन्हा तसाच बसला की दुखणं परत हजर. म्हणून पहिला मंगळवार सगळा बसण्यात गेला. टॉवेलची चौपदरी घडी बुडाच्या मागच्या अर्ध्या भागाखाली घातली की गुडघे खुब्यांपेक्षा जरासे खाली येतात आणि पाठ आपोआप उभी राहते. बुटक्या माणसांचे पाय मात्र अधांतरी लोंबतात. त्याला कार्यालयातच उपाय सापडला: कागदाची दोन न फोडलेली रिमं.

दुसऱ्या मंगळवारी खुबे. एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून, पाठ सरळ ठेवत पुढे झुकायचं आणि पाच श्वास थांबायचं. साडीत हे जमत नाही. त्यांनी टेबल धरून उभं राहायचं, एक पाय मागे न्यायचा आणि मागच्या मांडीच्या पुढच्या बाजूला ताण घ्यायचा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही हाच प्रकार करायचा. यावर याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

पीळ मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तिथे मी स्वतः फसले. बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्चीवरचं भरद्वाजासन रुळवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यात त्यांची संस्था १९७५ पासून आहे, आणि तिथल्या वर्गात वापरतात ती पत्र्याची घडीची खुर्ची जागची हलत नाही. त्या खुर्चीत पाठ एका कुशीला येईल असं आडवं बसतात आणि पाठ धरून वळतात. कार्यालयातल्या खुर्चीला हात असल्यामुळे आडवं बसता येत नाही, म्हणून मी समोर तोंड करूनच वळायला लावलं. डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरून, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. एका गृहस्थांनी जोर लावला आणि चाकांची खुर्ची त्यांना घेऊन फिरली, मागच्या टेबलावर जाऊन आपटली. लागलं काही नाही, चहाच्या कपाचा कान तेवढा गेला. चूक माझी. तेव्हापासून पिळाच्या दिवशी खुर्च्या आधी भिंतीला टेकवून घेते.

हा पीळ नीट होतोय की नाही, हे चेहऱ्याकडे बघून कळत नाही, गुडघ्यांकडे बघावं लागतं. दोन्ही गुडघे एका रेषेत असतील तर पीळ पाठीत आहे. एक गुडघा पुढे सरकला असेल तर नुसते खुबे फिरले आहेत, पाठ होती तिथेच आहे. दुसरी खूण श्वासाची. श्वास रोखून चेहरा लाल झाला की हातांनी ओढणं चाललंय असं समजावं. श्वास घेताना उंच व्हायचं, सोडताना छातीपासून वळायचं, मान सगळ्यात शेवटी. पाच श्वास, मग दुसरी बाजू. हाडं ठिसूळ झालेल्यांनी किंवा चकतीचा त्रास असलेल्यांनी हा पीळ सोडून द्यावा, नुसतं उंच बसून हात वर ताणावेत.

चौथ्या मंगळवारी अखेर मान. मान गरागरा फिरवायला मी कुणालाच सांगत नाही, चक्कर येणाऱ्यांना तर मुळीच नाही. डाव्या हाताने खुर्चीची कड धरायची, उजवा कान उजव्या खांद्याकडे न्यायचा, हाताने डोकं ओढायचं नाही. पाच श्वास झाले की दुसरी बाजू. त्यानंतर तळवा कपाळाला लावून डोक्याने तळव्याला रेटायचं, पण डोकं जागचं हलू द्यायचं नाही. पाच आकडे मोजायचे. मग हेच डाव्या, उजव्या आणि मागच्या बाजूने. मानेला ताणाइतकीच ताकदीचीही गरज असते, ती इथून मिळते.

लेखा विभागातल्या एका बाईंचा उजवा खांदा तरीही वरच होता. त्यांच्या टेबलाकडे बघितलं तेव्हा कारण कळलं. कळफलक आणि माउस यांच्यामध्ये मोठं कॅल्क्युलेटर होतं, त्यामुळे माउस धरायला हात दिवसभर लांब ताणलेला. कॅल्क्युलेटर डावीकडे ठेवलं. दोन आठवड्यांनी खांदा खाली आला. यात योगाचं श्रेय फार थोडं, हे मी कबूल करते.

मनगटांच्या दिवशी एक जण म्हणाले, ‘मॅडम, रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं.’ मनगटातून जाणारी शीर दाबली गेल्याची ही ओळखीची खूण. मी त्यांना मनगट वाकवायचा एकही प्रकार करू दिला नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. मानेतून हातात मुंग्या उतरत असतील, पकड ढिली पडत असेल, तरी तेच करावं.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये नोकरदारांसाठी ‘वाय-ब्रेक’ नावाचा पाच मिनिटांचा क्रम ॲपवर आणला. त्यात ताडासन, कटिचक्रासन, भ्रामरी वगैरे आहेत. चांगला आहे, पण त्यातलं बरंचसं उभ्याने आहे, आणि कटिचक्रासनात हात फिरवायला दोन टेबलांमधली जागा पुरत नाही. ज्यांच्या कार्यालयात मोकळा व्हरांडा आहे, त्यांनी तोच करावा.

बाकीच्यांनी आज एवढंच करा: टॉवेलची घडी करून खुर्चीवर ठेवा, पाय टेकत नसतील तर खाली काहीतरी घ्या. पिळाकडे वळाल तेव्हा खुर्ची आधी भिंतीला लावा, आणि चहाचा कप लांब ठेवा.