एक धागा ओढून पाहा

१९५९ साली फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोने जाक शारिएशी लग्न केलं, तेव्हा तिच्या अंगावर जाक एस्तरेलने शिवलेला गुलाबी-पांढऱ्या गिंगहॅमचा ड्रेस होता. नवरीच्या पोशाखाला हे कापड वापरणं त्या काळी धाडसाचंच होतं. युरोप-अमेरिकेत गिंगहॅम म्हणजे टेबलावरच्या चादरी, अॅप्रन, लहान मुलींचे फ्रॉक यांचं साधं सुती कापड. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९च्या चित्रपटात कॅन्ससच्या शेतावरची डोरोथीही निळ्या-पांढऱ्या गिंगहॅममध्येच वावरते. बार्दोच्या फोटोखाली कुणी नुसतं ‘गुलाबी चौकड्यांचा ड्रेस’ असं लिहिलं, तर यातलं काहीच वाचकापर्यंत पोहोचत नाही. चौकड्या टार्टनच्याही असतात आणि मद्रास चेक्सच्याही.

फॅशनवर लिहिताना गिंगहॅम, हाउंडस्टूथ, इकत आणि पेस्ली ही नावं एका दमात घेतली जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिली दोन नावं विणीतून उमटणाऱ्या नक्षीची आहेत, इकत हे रंगवण्याच्या रीतीचं आणि पेस्ली हे निव्वळ एका आकाराचं. त्यामुळे कापड हातात आलं की प्रत्येकाबाबत वेगळा प्रश्न विचारावा लागतो. उत्तर बहुतेक वेळा शिवणीच्या आत, उसवलेल्या कडेला सापडतं. तिथून एक धागा ओढून काढता येतो.

आधी गिंगहॅम घेऊ. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे लावताना काही निळे आणि तितकेच पांढरे असा क्रम धरतात. बाण्याचे आडवे धागेही त्याच क्रमाने घालतात. वीण अगदी साधी: एक धागा वर, एक खाली. निळ्यावर निळा आला की गडद चौकोन, पांढऱ्यावर पांढरा आला की पांढरा आणि निळा-पांढरा एकमेकांना छेदतात तिथे फिका निळा. हा फिका रंग कुणी वेगळा रंगवलेला नसतो. दोन रंगांचे बारीक ठिपके आळीपाळीने येतात आणि डोळा ते मिसळून टाकतो. हिशेब केला तर कापडाचा पाव भाग गडद, पाव पांढरा आणि उरलेला निम्मा या मधल्या छटेचा.

म्हणून गिंगहॅम ओळखताना तीन छटा मोजाव्यात. गडद आणि पांढरे असे दोनच चौकोन आलटून-पालटून दिसत असतील तर ती बुद्धिबळाच्या पटाची नक्षी, आणि ती जवळजवळ नक्कीच छापलेली असते. पांढऱ्यावर बारीक रेघांची जाळी असेल तर ते टॅटरसॉल. चार-पाच रंगांचे कमी-जास्त रुंदीचे पट्टे एकमेकांत घुसले असतील तर मद्रासकडे वळावं. चौकोनाची बाजू किती हेही लिहायला हवं. पाव इंचाचं गिंगहॅम ऑफिसच्या शर्टात खपून जातं, एक इंचाचं लांबूनच लक्ष वेधतं. ‘लहान चौकड्या’ म्हटल्याने यातलं काही कळत नाही.

आता हीच धाग्यांची मांडणी ठेवायची आणि फक्त वीण बदलायची. ताण्यात चार काळे, चार पांढरे. बाण्यातही चार काळे, चार पांढरे. साध्या विणीने विणलं तर अगदी बारीक गिंगहॅम मिळतं. पण प्रत्येक धागा दोनांवरून आणि दोनांखालून गेला आणि पुढच्या ओळीत हे सगळं एका धाग्याने सरकलं, की ट्विल वीण होते. जीन्सच्या कापडावर ज्या तिरप्या रेघा दिसतात, त्या ट्विलच्याच. इथे काळा-पांढरा छेदतात त्या जागी ठिपक्यांऐवजी तिरप्या पट्ट्या उमटतात. त्या शेजारच्या काळ्या चौकोनाला जाऊन चिकटतात आणि चौकोनाला टोकं फुटतात. हाच हाउंडस्टूथ. शिकारी कुत्र्याच्या दाताचं नाव त्याला या टोकांवरूनच पडलं.

चारचा आकडा इथे फार महत्त्वाचा आहे. तीच ट्विल वीण ठेवून सहा-सहा किंवा आठ-आठ धागे घेतले, तर चौकोन मोठा होतो, पण तिरप्या रेघा तितक्याच बारीक राहतात. मग दात दिसेनासे होतात आणि कापडाला ‘शेफर्ड्स चेक’ म्हणतात. स्कॉटलंडच्या सखल भागातल्या मेंढपाळांच्या लोकरी शालींवर ही नक्षी असायची, हाउंडस्टूथ तिचाच जवळचा नातलग. चार-चार आणि दोन-दोन धाग्यांचे पट्टे शेजारी लावले की सुटाच्या कापडातलं ‘ग्लेन चेक’ तयार होतं. त्यात एका कोपऱ्यात हाउंडस्टूथ हमखास दिसतो, म्हणून अख्ख्या कोटाला हाउंडस्टूथ म्हणण्याची चूक मासिकांत वारंवार होते.

मग तळहाताएवढ्या दातांचे ओव्हरकोट कसे बनतात? चार जाड धाग्यांनी थोडा मोठा आकार साधतो, त्यापुढे मात्र नक्षी जकार्डवर विणतात, नाहीतर सरळ छापतात. टी-शर्टच्या होजिअरी कापडावर हाउंडस्टूथ दिसला तर ‘हाउंडस्टूथ प्रिंट’ लिहिलेलं बरं, कारण ट्विल विणीचा तिथे संबंधच नसतो. त्यात कमीपणा काही नाही. क्रिस्तियां दिओरच्या ‘मिस दिओर’ या १९४७च्या अत्तराच्या बाटलीशी ही नक्षी जोडली गेली आणि बाटली काही ट्विलमध्ये विणत नाहीत!

आता तो ओढलेला धागा. गिंगहॅम किंवा विणलेल्या हाउंडस्टूथमधून धागा काढला, तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाचा निघतो. तो ठिकठिकाणी रंग बदलत असेल तर दोन शक्यता उरतात. रंग एकाच बाजूला बसलेला, दुसरीकडे धागा फिका किंवा कोरा असेल तर कापड विणून झाल्यावर छापलं आहे. रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरलेला असेल, तर हातात बहुधा इकत आहे.

इकतमध्ये कापड जन्माला येण्याआधीच नक्षी धाग्यावर चढते. लडी चौकटीवर ताणायच्या, जिथे रंग नको तिथे घट्ट बांधायच्या, रंगात बुडवायच्या, सुकवून गाठी सोडायच्या आणि पुढच्या रंगासाठी पुन्हा नव्या जागी बांधायच्या. बांधणीतही गाठी असतात, पण तिथे त्या विणून झालेल्या कापडावर मारतात. इकतच्या नक्षीच्या कडा किंचित पिसारल्यासारख्या दिसतात. बांधलेल्या जागेखाली थोडा रंग शिरतो आणि विणताना धागे केसभर मागेपुढे होतात, म्हणून तसं होतं.

या पुसट कडेची दिशा पाहिली की बरंच काही कळतं. कापड त्याच्या लांबीत उभं धरावं. नक्षीच्या कडा वर-खाली ओघळल्यासारख्या असतील तर ताणा बांधून रंगवलेला आहे. मध्य आशियातलं अद्रस असं असतं. कडा डावी-उजवीकडे विस्कटल्या असतील तर बाणा रंगवला आहे, जसं थायलंडचं मुदमी रेशीम. दोन्ही दिशांना किंचित हलल्यासारखं दिसत असूनही आकार स्पष्ट असेल, तर ते दुहेरी इकत असू शकतं. तेलंगणातल्या पोचमपल्लीत एकेरी आणि दुहेरी दोन्ही प्रकार होतात, त्यामुळे तिथल्या साडीबद्दल लिहिताना नुसतं ‘पोचमपल्ली’ म्हणून थांबणं अपुरं ठरतं.

दुहेरी इकतचा सगळ्यात अवघड नमुना गुजरातेतल्या पाटणचा पटोला. त्यात लाल बाण्याला लाल ताण्यावरच बसावं लागतं. दोघांची जागा चुकली तर हत्तीच्या पाठीवर भलताच रंग उमटतो. थोडं विणून झालं की ताण सैल करून धागे सुईने एकेक करत जागच्या जागी सरकवतात. एका साडीला सहा महिने सहज लागतात. हे काम करणारी साळवी कुटुंबं बाराव्या शतकात राजा कुमारपालाच्या बोलावण्यावरून जालन्याकडून पाटणला गेली, असं त्यांची परंपरा सांगते. म्हणजे या रेशमाचं एक टोक मराठवाड्यातही आहे.

बाजारात मीटरवर मिळणाऱ्या ‘इकत’ सुती कापडाचा बराच भाग छापलेला असतो आणि छपाईत आता पुसट कडाही हुबेहूब काढतात. पातळ कापडात तर शाई आरपार जाते, म्हणजे उलटी बाजू पाहून फसायला होतं. अशा वेळी नक्षीची दोन आवर्तनं शेजारी धरावीत. छापलेली फुलं एकमेकांची तंतोतंत नक्कल असतात, अगदी कडेचा ओघळसुद्धा तोच. हाताने बांधलेल्यात दोन फुलं जुळी नसतात. पण धाग्याच्या परीक्षेलाही मर्यादा आहे. युरोपात ताणा आधी छापून मग विणलेलं रेशीम बनत असे. त्याची नक्षीही पुसट दिसते आणि धागाही रंग बदलतो, मात्र बांधणं त्यात कुठेच नसतं.

पेस्लीपाशी आलं की ही परीक्षा नावापुरती निरुपयोगी ठरते. वाकड्या शेंड्याची ती कोयरी विणलेली असो, छापलेली असो की भरतकामातली, पेस्लीच राहते. पैठणीच्या काठावर ती आपल्याला ओळखीची आहे आणि हळद-कुंकवाच्या कोयरीचा आकारही तोच. साडीबद्दल लिहिताना ‘कोयरी’ हाच शब्द चपखल बसतो. टायवरच्या किंवा रुमालावरच्या नक्षीला पेस्ली म्हणायला हरकत नाही. नाव आलं ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या पेस्ली गावावरून. तिथले विणकर १९व्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला विणत होते.

पेस्लीच्या वर्णनात तपशील द्यायचा तो आकाराचा आणि मांडणीचा: शेंडा कुठे वळलाय, कोयरी सुटी आहे की एकीत एक गुंतलेली, पोटात फुलं आहेत की भौमितिक नक्षी. काश्मिरी शालींवर हा बुट्टा आधी मुळांसकट उभं असलेलं एक फुलझाड होता. १८व्या शतकात त्याचा दाट गुच्छ झाला, शेंडा एका बाजूला झुकला. १९व्या शतकाच्या मध्यावर तो इतका लांबला की शालीच्या एका टोकाकडून मध्यापर्यंत नागमोडी धावू लागला. त्यामुळे लहान, सुट्या, ठेंगण्या बुट्ट्यांच्या शालीला ‘व्हिक्टोरियन पेस्ली’ म्हणणं सहसा चुकीचं असतं.

काश्मिरी कानी शाल आणि पेस्लीची जकार्ड शाल सुलट बाजूने सारख्या दिसल्या, तर शाल उलटी करावी. कानीत प्रत्येक रंगाचा बाणा लाकडी सळीवर गुंडाळलेला असतो. तो आपल्या रंगापुरता जातो आणि तिथूनच परत वळतो. जकार्डमध्ये सगळे रंग या किनारीपासून त्या किनारीपर्यंत धावतात, म्हणून जिथे रंग नको तिथे धागे मागे लोंबत राहतात. वजन कमी करायला हे धागे कातरून टाकत, त्यामुळे जुन्या स्कॉटिश शालीच्या पाठीवर बोट फिरवलं की कातरलेल्या टोकांची लव हाताला लागते.