मधलं बटण चालतं, आवाजाची नाही

मैत्रिणीने आयफोनचे जुने वायरवाले इयरफोन अँड्रॉइड फोनला लावले. मधल्या बटणाने गाणं थांबायचं, पण आवाजाची बटणं निर्जीव. तिला वाटलं, इयरफोन बिघडले. तसं नव्हतं.

अँड्रॉइड फोन बटण ओळखतो ते माइकच्या तारेवरच्या रोधावरून: मधलं जवळपास शून्य ओहम, आवाज वाढवणारं २४०, कमी करणारं ४७०. ॲपलची आवाजाची बटणं मात्र चिपमधून वेगळा संकेत पाठवतात, तो अँड्रॉइडला कळत नाही. मधलं बटण दोन्हीकडे तारा थेट जोडतं, म्हणून ते चालतं. पुढचं गाणं हवं असेल, तर तेच झटपट दोनदा दाबा.

अँड्रॉइडच्याच इयरफोनचं मधलं बटण आवाज वाढवू लागलं, तर मळलेल्या जॅकमुळे रोध वाढला असावा. आधी पिन पुसून पूर्ण आत बसवा, मग दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर तपासा. तिथेही तेच झालं, तर दोष रिमोटमध्येच आहे.