काका, वीजबिलाची तारीख आता चुकणार नाही

काका, काकू फोनवर म्हणाल्या, की बिलांचे कागद फ्रिजवर लावूनही एखादी तारीख निसटतेच. तुमच्या फोनवर भीम ॲप आहेच, त्यातच बिलांची सोय आहे. नवीन काही घेऊ नका. सुरुवात फक्त महावितरणच्या बिलापासून करा.

जुनं बिल समोर ठेवा. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो आणि चार अंकी बिलिंग युनिट, म्हणजे 'बीयू'. ॲपमध्ये बिल भरण्याच्या भागात वीज, मग महावितरण निवडून हे दोन्ही आकडे टाका. पडद्यावर नाव आणि रक्कम येईल. नाव तुमचंच आहे ना, हे आधी बघा; एक अंक चुकला तर दुसऱ्याचंच बिल भरलं जाऊ शकतं. एकदा जोडलं की पुढचं बिल निघाल्यावर ॲप आठवण करून देतं.

खरी गोम तारखांची आहे. महावितरणच्या बिलावर तीन रकमा छापतात. समजा बिल १,८४० रुपये आहे. लवकर भरण्याच्या तारखेपर्यंत भरलं तर साधारण १,८२०, देय दिनांकापर्यंत १,८४० आणि त्यानंतर १,८६०. ॲपची आठवण बहुधा देय दिनांकाच्या हिशेबाने येते, त्यामुळे पहिली तारीख हातची जाते. म्हणून बिल आल्याचा एसएमएस दिसला की त्याच आठवड्यात भरून टाका.

पैसे आपोआप कापले जाण्याची सोयही असते, पण ती तुम्ही घेऊ नये असं माझं मत आहे. मीटरचं रीडिंग मिळालं नाही तर सरासरीवर बिल येतं, आणि ते डोळ्यांखालून न जाता भरलं जाणं बरं नाही. भरण्याआधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम.

कधी कधी खात्यातून पैसे जातात आणि ॲप 'पेंडिंग' दाखवतं. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा भरू नका, नाहीतर दोनदा पैसे जातील (ते पुढच्या बिलात वळते होतात, पण तोवर अडकतात). पावतीवरच्या व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेत किंवा ॲपमध्ये तक्रार करताना तोच क्रमांक विचारतात.

घरपट्टीसारखी बिलं वर्षातून एकदा-दोनदाच येतात, त्यांची आठवण ॲपच्या भरवशावर सोडू नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका.

आणि 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर तो खोटा समजा. त्यावर फोन करू नका, त्यातली लिंक उघडू नका. बिल खरंच थकलंय का, ते ॲपमध्येच बघा. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

रविवारी येतो. तोवर जुनं बिल काढून ठेवा, पहिलं बिल आपण दोघं मिळून जोडू.