गोल काळा केला की केला

‘नीट’ची ओएमआर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला उत्तर वाचता येत नाही. कोणत्या जागी किती काळेपणा आहे, एवढंच ते पाहतं. त्यामुळे गोलात टिकमार्क केला, नुसता ठिपका दिला किंवा अर्धाच गोल भरला, तर ते उत्तर धरलं जाईलच याची खात्री नाही. गोल पूर्ण भरायचा, कडेबाहेर जायचं नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

मग पेन्सिल का नाही? १९३८ साली आयबीएमचं गुण मोजणारं यंत्र बाजारात आलं, तेव्हा पेन्सिलच लागायची. ग्राफाइटमधून वीज वाहते आणि ते यंत्र त्या विजेवरच खूण ओळखायचं. पुढे प्रकाशाने वाचणारी यंत्रं आली आणि शाईही चालू लागली. पेन्सिल खोडता येते, म्हणजे पेपर गोळा झाल्यावर दुसऱ्या कुणाला उत्तर बदलणंही सोपं. बॉलपेनची शाई तशी सहज जात नाही. म्हणून ‘नीट’मध्ये निळं किंवा काळं बॉलपेनच चालतं, व्हाइटनर आणि खाडाखोड बंद.

आता समजा, ५७व्या प्रश्नाला ‘२’ भरलं आणि मग ‘३’ बरोबर वाटलं. दोन्ही गोल भरले तर उत्तर चुकीचंच धरतात आणि एक गुण कापला जातो. नुसता ‘२’ ठेवला, तर तो चुकीचा असला तरी तेवढाच एक गुण जातो. पण बरोबर निघाला, तर चार मिळतात. म्हणजे दुसरा गोल भरून काहीच हाती लागत नाही. यापेक्षा महागात पडते ती घसरलेली ओळ. ५७ सोडायचा ठरवला आणि ५८चं उत्तर ५७च्या ओळीत भरलं, तर पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकतात. दर पाच-दहा प्रश्नांनी क्रमांक पडताळला, तर ही चूक वेळीच पकडता येते.

प्रश्नपुस्तिकेचा आणि उत्तरपत्रिकेचा कोड एकच हवा. वेगळा दिसला तर ताबडतोब पर्यवेक्षकांना सांगून दोन्ही बदलून घ्यायचे, कारण उत्तरसूची त्या कोडनुसार लागते. उत्तरपत्रिकेला घडी घालू नये, कडेच्या काळ्या पट्ट्यांवर काही लिहू नये. यंत्र त्या पट्ट्यांवरून ओळी शोधतं.

कागद फाटला असेल, तर दाद मागताना पुरावा लागतो. २०२४ मध्ये लखनौच्या एका परीक्षार्थीने, आपली उत्तरपत्रिका फाटलेली असल्याने निकाल दिला नाही, अशी तक्रार अलाहाबाद उच्च न्यायालयात केली. एनटीएने मूळ उत्तरपत्रिका न्यायालयात ठेवली. ती शाबूत होती आणि याचिकेसोबतची कागदपत्रं बनावट निघाली. सर्वसाधारण परीक्षार्थीला मात्र कोर्टापर्यंत जायची गरज नसते. एनटीए उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत संकेतस्थळावर देते. यंत्राने नोंदवलेलं उत्तर त्या प्रतीशी जुळत नसेल, तर दिलेल्या मुदतीत प्रतिप्रश्न २०० रुपये भरून हरकत घेता येते.